साडेपाच गुणांचे सहा जण आणि पाकिटं वेगवेगळी: रॅपिड बुद्धिबळ स्पर्धेतली बक्षिसांची वाटणी

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मंडळातर्फे एका दिवसाची रॅपिड बुद्धिबळ स्पर्धा घेतो. सात फेऱ्या, साधारण ८० खेळाडू. यंदा फी ३०० रुपये आहे आणि गुजरीतल्या एका सराफांनी १२,००० कबूल केलेत. गेल्या वर्षी पहिल्याला ७,०००, दुसऱ्याला ४,०००, तिसऱ्याला २,००० आणि चौथ्या ते दहाव्याला प्रत्येकी ३०० दिले. तिसऱ्या ते आठव्यापर्यंत सगळ्यांचे साडेपाचच गुण होते, त्यावरून बरीच वादावादी झाली. यंदा रक्कम कशी विभागावी म्हणजे कुणाला अन्याय वाटणार नाही?

उत्तर:

वाद कुठे झाला ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. साडेपाच गुणांच्या सहा जणांपैकी एकाला २,००० मिळाले आणि बाकी पाच जणांना ३००. त्यांच्यात फरक होता तो टायब्रेकचा, म्हणजे सारख्या गुणांच्या खेळाडूंचा क्रम लावणाऱ्या नियमाचा, आणि तोही बहुतेक अर्ध्या-एका बुकोल्झ गुणाचा. खेळून मिळवलेल्या गुणांत सहाही जण सारखे, आणि पाकिटात सतराशे रुपयांची दरी. खेळाडूला कमी पैसे मिळाल्याचं तितकं वाईट वाटत नाही. आपल्याइतकेच गुण असलेल्या शेजारच्याला सहापट मिळाले, हे मात्र त्याला पचत नाही. म्हणून यंदाची वाटणी बसवताना एक गोष्ट सतत तपासत राहा: सारख्या गुणांच्या दोन खेळाडूंच्या पाकिटांत जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो?

त्याआधी बक्षिसाला पैसे खरोखर किती आहेत ते पाहू. ८० जणांची फी २४,००० आणि प्रायोजकाचे १२,००० मिळून ३६,००० होतात. पण ८० हा अंदाज आहे, आणि माहितीपत्रकात छापलेली रक्कम हा शब्द आहे. जयसिंगपूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणीहून येणारी मुलं त्याच दिवशी सांगलीत स्पर्धा लागली तर तिकडे वळतात आणि तुमचा आकडा साठावर येतो. हिशेब साठचा धरा. १८,००० अधिक १२,००० म्हणजे ३०,०००. खर्चाचा साधारण अंदाज असा: हॉल ५,०००, दोन पंचांचं मानधन २,५००, चषक आणि पदकं ३,५००, चहा-नाश्ता २,७००, घड्याळं आणि पटांचं भाडं १,५००, फलक व छपाई ८००. एकूण १६,०००. तुमच्याकडचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण पद्धत तीच. बक्षिसाला १४,००० उरतात, आणि हीच तुमची हमी.

साठच्या पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या फीतले २०० रुपये बक्षिसात घाला आणि १०० त्याच्या चहा-नाश्त्याला व राखीव ठेवा. ८० झाले तर बक्षिसाची रक्कम १८,००० होते. ही वाढ ऐन वेळी मनात येईल तशी करायची नाही. माहितीपत्रकात दोन तक्ते छापायचे: एक ७५ पेक्षा कमी प्रवेशांसाठी आणि एक ७५ व त्यावरच्यांसाठी. पहिली फेरी सुरू झाली की कोणता तक्ता लागू आहे ते माइकवर सांगायचं आणि भिंतीवर लावायचं. प्रवेश पन्नासच आले तर पहिला तक्ता तसाच पाळावा लागेल आणि मंडळाला दोन-तीन हजारांची झळ बसेल. ती सोसायची तयारी ठेवूनच माहितीपत्रक छापा. स्पर्धेच्या दिवशी बक्षीस कमी केलं की पुढच्या वर्षी त्याच खेळाडूंना बोलवायला तोंड उरत नाही.

आता मोठ्या तक्त्याचे १८,०००. त्यातले १३,००० खुल्या गटाला आणि ५,००० वयोगट व इतर गटांना.

खुल्या गटात किती क्रमांकांना बक्षीस द्यायचं, हे ठरवताना बहुतेक मंडळं दहाचा आकडा घेतात, कारण तो गोल आहे. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावतात त्या पद्धतीत, असं करणं महागात पडतं. तिथे खेळाडू एकेकटे क्रमांकावर येत नाहीत, ते गुणांच्या थरांत येतात. सात फेऱ्यांत १२८ खेळाडू असते आणि एकही डाव बरोबरीत सुटला नसता, तर ७ गुणांचा एक, ६ गुणांचे सात आणि ५ गुणांचे एकवीस असते. म्हणजे पाच किंवा जास्त गुणांचे २९. तुमच्याकडे ८० आहेत, त्या प्रमाणात हा आकडा अठराच्या आसपास येतो. बरोबऱ्या होतील, कुणी मध्येच सोडून जाईल, त्यामुळे दोन-तीन इकडेतिकडे धरा. पण चित्र स्पष्ट आहे: सहा आणि साडेपाच गुणांवर मिळून सात-आठ जण आणि बरोबर पाच गुणांवर दहाएक जण. दहाव्या क्रमांकाशी यादी थांबवली की ती रेघ पाच गुणांच्या थराच्या अगदी मधून जाते. दोघांना पाकीट, आठ जण हात हलवत घरी, आणि गुण सगळ्यांचे सारखे.

म्हणून यादीचे दोन भाग करा. पहिले आठ क्रमांक रकमेचे, आणि त्याखाली पाच किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला फी परत. हा दुसरा भाग क्रमांकावर अवलंबून नाही, गुणांवर आहे. सातपैकी पाच गुण मिळवले की तुमचे ३०० परत, मग तुम्ही नववे असा नाहीतर अठरावे. खेळाडूला हे लगेच समजतं, आणि सहाव्या फेरीनंतर चार गुणांवर असलेल्या मुलालाही शेवटचा डाव जीव लावून खेळायला कारण मिळतं. एरवी त्या टेबलांवर सातव्या फेरीत दहा मिनिटांत हात मिळवून लोक बसस्टँडकडे निघतात.

८० प्रवेशांसाठी आठ क्रमांकांच्या रकमा मी अशा ठेवीन: २,५००, १,८००, १,४००, १,१००, ९००, ७००, ५५०, ४५०. बेरीज ९,४००. उरलेले ३,६०० फी परतीसाठी, म्हणजे बारा जणांची सोय. बारापेक्षा जास्त जण निघाले तर ३,६०० सगळ्यांत सारखे वाटायचे. कमी निघाले तर उरलेली रक्कम पहिल्या दोन क्रमांकांच्या बक्षिसांत निम्मी-निम्मी घालायची. हे दोन्ही नियम छापलेले असले पाहिजेत. नाहीतर उरलेले सहाशे रुपये मंडळाने ठेवले, एवढीच गोष्ट गावभर होते.

या रकमांकडे नीट पाहिलंत तर दोन क्रमांकांमधलं अंतर खाली जाताना कमी होत गेलेलं दिसेल: ७००, ४००, ३००, २००, २००, १५०, १००. वरच्या क्रमांकांवर खेळाडू विरळ असतात, तिथे एक क्रमांक म्हणजे बहुधा अर्धा-एक गुण खरोखर जास्त मिळवलेला असतो. खाली दाटी असते, तिथे क्रमांकाचा फरक बव्हंशी टायब्रेकचा असतो. टायब्रेकने ठरणाऱ्या गोष्टीला मोठी रक्कम बांधायची नाही. गेल्या वर्षीच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्यात २,००० आणि तिसऱ्या-चौथ्यात १,७०० चं अंतर होतं, आणि चौथ्यापासून खाली सगळं सपाट. कडा नेमका दाटीच्या तोंडाशी आला.

पहिलं बक्षीस ७,००० वरून २,५०० वर आणलं तर चांगले खेळाडू येतील का, असं कार्यकारिणीत कुणीतरी विचारणारच. एखादा रेटिंगवाला कमी येईल, हे खरं आहे. पण एका दिवसाच्या स्थानिक स्पर्धेत फी भरणाऱ्यांतले सत्तर-बहात्तर जण पहिल्या तिनात येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं. तुमची स्पर्धा त्यांच्या फीवर चालते. खासबागेतल्या मैदानात एकेका जोडीचं इनाम आधी ठरलेलं असतं, ते त्या दोन मल्लांचं. इथे ऐंशी जणांनी एकाच डब्यात पैसे टाकलेत. पहिल्याला खुल्या गटाच्या रकमेच्या पंचमांशाच्या आसपास मिळावं आणि पहिल्या तिघांना मिळून निम्म्यापेक्षा थोडं कमी, हे प्रमाण मला योग्य वाटतं. प्रायोजकाला मोठा आकडा हवाच असेल तर पहिल्या क्रमांकासाठी त्यांनी वेगळे १,००० द्यावेत आणि ते फीच्या हिशेबात मिसळू नयेत.

आता खरा प्रश्न, सारख्या गुणांचा. बुकोल्झ म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. कल्पना चांगली आहे: ज्याला तगडे प्रतिस्पर्धी मिळाले त्याला झुकतं माप. पण पहिल्या फेरीत तुमच्यासमोर बसलेला मुलगा नंतर दोन गुणांवर थांबला की चार गुणांवर गेला, हे तुमच्या हातात नसतं. सात फेऱ्यांत नमुना लहान, त्यामुळे अर्ध्या गुणाच्या फरकात नशिबाचा भाग बराच असतो. सर्वांत कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळून काढलेला बुकोल्झ, ज्याला ‘कट १’ म्हणतात, तो थोडा बरा. चषक कुणाला द्यायचा यासाठी टायब्रेक लागतोच, कारण चषक कापून वाटता येत नाही. पैसे वाटता येतात.

यावर तीन रीती प्रचलित आहेत. पहिली, सगळं टायब्रेकने: ‘रोख बक्षिसे विभागली जाणार नाहीत’ अशी ओळ बऱ्याच माहितीपत्रकांत असते ती हीच. दुसरी, सारख्या गुणांच्या सगळ्यांत समान वाटणी. तिसरी हॉर्ट पद्धत, ग्रँडमास्टर व्लास्तिमिल हॉर्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात प्रत्येकाला आपल्या क्रमांकाच्या बक्षिसाची निम्मी रक्कम मिळते, आणि त्या थरातल्या सगळ्या बक्षिसांच्या उरलेल्या निम्म्या बेरजेची समान वाटणी होते. म्हणजे निम्मं टायब्रेकचं, निम्मं बरोबरीचं. तुमच्यासाठी मी हॉर्ट सुचवतो. समान वाटणीत टायब्रेकमध्ये पहिला आलेला खेळाडू नाराज होतो: माझा क्रमांक तिसरा जाहीर केलात, मग आठव्याइतकेच पैसे का? त्याचं म्हणणंही चुकीचं नाही. हॉर्टमध्ये दोघांनाही आपला हिशेब दिसतो.

गेल्या वर्षीचाच निकाल नव्या रकमांवर बसवून पाहू. समजा पहिला साडेसहा गुणांवर एकटा, दुसरा सहावर एकटा, तिसरा ते आठवा साडेपाचवर, आणि नववा ते अठरावा पाचवर. साडेपाचच्या सहा जणांची बक्षिसं १,४००, १,१००, ९००, ७००, ५५०, ४५०. बेरीज ५,१००, सरासरी ८५०, तिचं निम्मं ४२५. आता प्रत्येकाच्या बक्षिसाच्या निम्म्यात ४२५ मिळवा. तिसऱ्याचे ७०० अधिक ४२५ म्हणजे १,१२५. पुढे ९७५, ८७५, ७७५, ७००, आणि आठव्याचे २२५ अधिक ४२५ म्हणजे ६५०. बेरीज पुन्हा ५,१००.

पंचवीस रुपयांचे सुट्टे कुणी ठेवत नाही, म्हणून प्रत्येक रक्कम ५० च्या पटीत खाली आणा: १,१००, ९५०, ८५०, ७५०, ७००, ६५०. बेरीज ५,००० झाली, १०० उरले. उरलेले पैसे त्या थरात वरून खाली ५०-५० देत जायचे, म्हणजे तिसरा १,१५० आणि चौथा १,०००. तिसऱ्या आणि आठव्यातला फरक पाचशे रुपये. गेल्या वर्षी तो सतराशे होता.

नवव्यापासून अठराव्यापर्यंत दहा जणांना प्रत्येकी ३००, एकूण ३,०००. फी परतीतले ६०० उरले, ते पहिल्या दोघांत: पहिला २,८००, दुसरा २,१००. सगळी बेरीज २,८०० अधिक २,१०० अधिक ५,१०० अधिक ३,०००, बरोबर १३,०००. ही शेवटची बेरीज जुळल्याशिवाय एकही पाकीट बंद करू नका.

दुसरी शक्यता जास्त किचकट वाटते, पण याच रचनेमुळे ती सोपी होते. समजा साडेपाचचा थर सहाव्या क्रमांकापासून अकराव्यापर्यंत पसरला. रकमेची यादी आठवरच संपते. नुसती क्रमांकांची यादी असती तर नववा, दहावा, अकरावा यांना शून्य धरायचं की थरात घ्यायचंच नाही, यावर वाद झाला असता. इथे त्यांच्या नावावर फी परतीचे ३०० आहेत. ते त्यांचं बक्षीस समजून थरात घ्या: ७००, ५५०, ४५०, ३००, ३००, ३००. बेरीज २,६००, सरासरी सुमारे ४३३. हॉर्टने साधारण ५६७, ४९२, ४४२ आणि तिघांना ३६७. खाली गोल करून उरलेले १५० वरच्या तिघांना दिले की ६००, ५००, ४५०, ३५०, ३५०, ३५०. बेरीज २,६००. आठव्या आणि नवव्यात शंभर रुपयांचं अंतर.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये पालकांची गर्दी असताना कागदावर हे करायला जाऊ नका. आदल्या दिवशी स्प्रेडशीट तयार ठेवा. ‘अ’ रकान्यात क्रमांक, ‘ब’ मध्ये त्या क्रमांकाचं मूळ बक्षीस, ‘क’ मध्ये गुण. म्हणजे पडद्यावरचे A, B आणि C रकाने. मग D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=FLOOR(0.5*B2+0.5*AVERAGEIF(C$2:C$19,C2,B$2:B$19),50)
```

इथे दुसऱ्या ओळीपासून एकोणिसाव्यापर्यंत अठरा खेळाडू धरलेत. तुमच्याकडे बक्षिसाला पात्र वीस निघाले तर १९ च्या जागी २१ करा. फी परतवाल्यांसमोर ‘ब’ मध्ये ३०० हवेत. ती जागा रिकामी राहिली तर सरासरी काढताना तो खेळाडू मोजलाच जात नाही, थराची सरासरी खोटी चढते, आणि एकूण वाटप जमा रकमेपेक्षा जास्त निघतं. या पद्धतीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. तिची खूण म्हणजे ‘ड’ ची बेरीज ‘ब’ च्या बेरजेपेक्षा मोठी येणं. सूत्र खाली गोल करत असल्यामुळे ती कमीच यायला हवी, किंवा फार तर सारखी. आणखी एक खबरदारी: उरलेले ६०० पहिल्या दोघांना द्यायचे असतात ते ‘ब’ मध्येच, सूत्र चालवण्याआधी. पहिला आणि दुसरा सारख्या गुणांवर असले तर तीही रक्कम हॉर्टमधून जायला हवी.

पहिल्या पटाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिथे कोणतीही वाटणी पूर्ण सुरक्षित नाही. शेवटच्या फेरीला दोघे सहा-सहा गुणांवर आणि त्यांच्या मागे सगळे पाच किंवा कमी, असं झालं तर दोघांनाही बरोबरी परवडते. २,५०० आणि १,८०० हॉर्टने वाटले की २,३२५ आणि १,९७५, गोल करून २,३५० आणि १,९५०. जिंकून मिळतील २,५००, म्हणजे टायब्रेकमध्ये पुढे असलेल्याला जिंकून फक्त दीडशेचा फायदा. तो बारा चालींत हात पुढे करेल. पहिलं बक्षीस खूप मोठं ठेवून हे थांबत नाही. ७,००० आणि ४,००० असते तर ‘डाव सोडू, पैसे बाहेर वाटून घेऊ’ या बोलण्याला उलट जोर येतो, आणि ते बरोबरीपेक्षा वाईट. तीस चालींआधी सहमतीने बरोबरी नाही, असा नियम पंचांशी बोलून ठेवता येतो. रॅपिडमध्ये चाली लिहायची सक्ती नसते, त्यामुळे पहिल्या दोन पटांवर एका पंचाने चाली मोजायला उभं राहावं लागेल. चाली फिरवून बरोबरी साधणाऱ्यांना तोही नियम अडवू शकत नाही. तेवढं स्वीकारून पुढे जा.

गटांची बक्षिसं. आठ, दहा, बारा आणि पंधरा वर्षांखालील, महिला, साठीवरचे आणि बिगर-रेटिंग, असे सात गट धरले तर प्रत्येक गटात पहिल्याला ४०० आणि दुसऱ्याला ३००, एकूण ४,९००. शंभर रुपये उरतात, ते पाकिटांना. तिसऱ्याला पदक.

गटाचं पहिलं बक्षीस मुद्दाम ४०० ठेवलंय, आठव्या क्रमांकाच्या ४५० पेक्षा कमी. एका खेळाडूला एकच बक्षीस, दोन्हींतलं मोठं, हा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. पण गटाचं बक्षीस ७०० असलं की पंधरा वर्षांखालचा मुलगा खुल्या गटात आठवा आल्यावर गोंधळ सुरू होतो. हॉर्टने त्याला ६५० आले, गटाचे ७००, म्हणून तो गटात गेला. मग खुल्या गटात नववा आठवा झाला, थर बदलला, सगळी वाटणी पुन्हा मांडायची. ती मांडताना आणखी कुणाचं मोठं-लहान उलटं होतं, आणि हे चक्र माइकवर नावं पुकारली जात असताना सुरू राहतं. गटाचं बक्षीस खुल्या गटातल्या शेवटच्या क्रमांकाच्या बक्षिसाखाली ठेवलं की हा प्रश्न जवळपास संपतो: खुल्या गटात पहिल्या आठात आलेला तिकडेच राहतो, आणि गटातलं बक्षीस पुढच्या मुलाला जातं. फी परत मिळणाऱ्याने गटही जिंकला तर त्याला ४०० द्यायचे, ३०० नाहीत. मग ते ३०० फी परतीच्या उरलेल्या रकमेत जमा करा. त्याच्या थरातल्या बाकीच्यांना धक्का लागत नाही, कारण पाच गुणांच्या थरात बहुधा सगळ्यांचे ३००च असतात.

गटात किती जण आले हेही बघा. महिला गटात तिघी आणि बक्षिसं दोन, असं झालं की खेळून काय मिळवलं असा प्रश्न इतर गटांतून येतो. आठ वर्षांखालील तेवीस मुलांत मात्र दोनच पाकिटं. चार प्रवेशांमागे एक बक्षीस, कमाल दोन, असं छापा. चारपेक्षा कमी आले तर तो गट वरच्या वयोगटात मिळवा, आणि महिला, ज्येष्ठ किंवा बिगर-रेटिंग गट असेल तर फक्त पदक द्या. वयाची तारीख त्या वर्षाच्या १ जानेवारीची: दहा वर्षांखालील म्हणजे १ जानेवारीला दहा पूर्ण झालेली नसावीत. जन्मदाखला किंवा आधार नोंदणीच्या टेबलावरच पाहा. बक्षीस देताना तो मागायचा नाही.

७५ पेक्षा कमी प्रवेशांचा तक्ता याच ढाच्याचा: २,०००, १,४००, १,१००, ८००, ६५०, ५००, ४००, ३५०, म्हणजे ७,२००. फी परत नऊ जणांपर्यंत, २,७००. साठ खेळाडूंत पाच किंवा जास्त गुणांचे तेरा-चौदा निघतात, आठ वगळून पाच-सहा, त्यामुळे नऊची मर्यादा पुरते. गटांत ३०० आणि २५०, सात गटांचे ३,८५०. एकूण १३,७५०.

फीत सवलत दिली असेल, म्हणजे मंडळाच्या शिबिरातल्या मुलांना २०० वगैरे, तर ज्याची जेवढी फी तेवढीच परत, आणि थरात त्याचं मूळ बक्षीसही तेवढंच धरायचं. जागेवर नोंदणीचे जादा ५० रुपये या हिशेबात आणू नका.

माहितीपत्रकात हे पाच-सहा ओळींत बसतं: दोन तक्ते आणि ७५ ची अट, पाच गुणांना फी परत व तिची मर्यादा, उरलेल्या रकमेचं काय करणार, हॉर्ट पद्धत, ५० च्या पटीत गोल करण्याचा नियम, टायब्रेकचा क्रम. टायब्रेकचा क्रम मी आपसातला निकाल, बुकोल्झ कट १, बुकोल्झ, सोनेबॉर्न-बर्गर असा ठेवीन. पंच जोड्या लावायच्या स्विस-मॅनेजर सॉफ्टवेअरमध्ये जो क्रम भरतील तोच छापलेला हवा, हे पहिल्या फेरीआधी दोघांनी शेजारी बसून ताडून पाहा. हॉर्ट हा शब्द अनेक पालकांना नवा असेल, म्हणून वरचं साडेपाच गुणांचं उदाहरण मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून नोंदणीच्या टेबलामागे लावा. ‘निम्मं क्रमांकाचं, निम्मं सगळ्यांत सारखं’ एवढं वाक्य वर असलं की पुरतं.

आदल्या दिवशी बँकेतून ५० च्या तीसेक नोटा आणि १०० च्या शंभर नोटा आणून ठेवा, बाकी २०० आणि ५०० च्या. रकमा निकालानंतरच ठरत असल्यामुळे पाकिटं आधी भरता येत नाहीत, फक्त नाव-क्रमांकाच्या जागा छापून ठेवता येतात. निकाल लागल्यावर एकाने स्प्रेडशीट चालवावी, दुसऱ्याने एक थर हाताने काढून पाहावा, तिसऱ्याने पाकिटं भरावीत. सवय नसली तरी वीस मिनिटांत होतं, आणि तेवढ्या वेळात गटांचे चषक व पदकं देऊन घेता येतात. रकमेचा तक्ता पाकिटं वाटण्याआधी भिंतीवर लावा, प्रत्येक नावापुढे गुण, मूळ बक्षीस आणि मिळालेली रक्कम असे तीन आकडे. सही घेण्याचा कागदही तोच ठेवा, म्हणजे पाकीट घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या थरातल्या सगळ्यांचे आकडे असतात.